स्थिर कप्पी

शनिवारी केंद्राची शिक्षण परिषद आपल्या शाळेत भरणार आणि आदर्श पाठ आपणच घ्यायचा, हे वैदेहीला सोमवारी कळलं. बारा शाळांचे शिक्षक मागच्या बाकांवर बसणार होते, पुढे सहावीची एकोणीस मुलं, आणि विषय होता 'साधी यंत्रे'. मुख्याध्यापक बाळ सर म्हणाले होते, "फार पसारा नको. तक्ता लावा, दोन प्रश्न विचारा, टाळ्या. पाहुण्यांना उपम्याची घाई असते."

पण वैदेहीला पसारा हवा होता. महाडच्या कॉलेजातून तिने भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केलं होतं, आणि उमरठच्या वाटेवरच्या या शाळेत शिकवायला लागून तिला चौदा वर्षं झाली होती. रोज महाडहून पोलादपूर, पोलादपूरहून शाळा, असं स्कूटीवर यायचं. चौदा वर्षांत तरफ आणि कप्पी तिने फळ्यावरच शिकवली होती. या वेळी पाठ टाचणात तिने लिहिलं: 'मुले स्वतः यंत्र बनवतील, स्वतः तपासतील. जे मोजले तेच लिहितील.' वर्गात तरफ, आवारात कप्पी. चार-पाच मुलांचा गट, दहा मिनिटं, आणि प्रत्येक गटाचा एक तक्ता.

मुलांना जे करायला सांगायचं ते आधी स्वतः करून पाहायचं, हा तिचा नियम. म्हणून गुरुवारी दुपारी मुलं मैदानात गेल्यावर ती साहित्य मांडून बसली.

तरफ ठरल्याप्रमाणे वागली. मीटरपट्टीच्या मधोमध टेकू, पोलादपूरच्या गॅरेजमधून आणलेले एकसारखे नट दोऱ्यात ओवलेले. टेकूपासून पंधरा सेंटिमीटरवर चार नट, दुसऱ्या बाजूला तीसवर दोन. पट्टी आडवी राहिली. दहावर सहा, वीसवर तीन. पुन्हा आडवी. टेकूपासून अंतर दुप्पट केलं की निम्म्यात काम भागतं, हे मुलांना कुणी सांगावं लागणार नव्हतं, पट्टीच सांगत होती. वैदेहीने टाचणात बरोबरची खूण केली.

कप्पीसाठी तिने शाळेच्याच आवारातली अंगणवाडी धरली होती. तिथे कप्पी आधीच टांगलेली होती, आणि गावातलं प्रत्येक लहान पोर दर महिन्याला त्या कप्पीवरून वर जात होतं. पुस्तकातलं चित्र दाखवण्यापेक्षा हे बरं.

ती कप्पी तिथे आली त्यालाही वैदेहीच कारण होती. अंगणवाडीची खोली म्हणजे शाळेची जुनी खोली, छप्पर उंच, तुळई त्याहून उंच वाटावी अशी. मुलांना तोलायचा तबकडीचा काटा तुळईला टांगला की सेविका प्रयागबाईंना आकडा दिसायचा नाही. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, आणि स्टुलावर चढायचं तर गुडघे नको म्हणत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी विचारलं होतं, "मॅडम, काटा खाली आणायची काय युक्ती नाय काय?" वैदेहीने पाच मिनिटांत कागदावर चित्र काढून दिलं. तुळईला कप्पी. दोराच्या एका टोकाला मुलाची झोळी, दुसऱ्या टोकाला काटा. काट्याचा हूक खाली ओढून खिडकीच्या गजात अडकवायचा, की झोळी वर उचलली जाते आणि तबकडी डोळ्यांसमोर येते. आता काटा स्वतः दोराला लटकणार, त्याच्या वजनाचं काय, हेही तिने पाहिलं होतं. काटा अर्धा किलोचा, आणि झोळीही मापून अर्ध्या किलोचीच शिवून घेतली. दोन्हीकडचं अर्धं-अर्धं फिटलं, उरलं फक्त मुलाचं वजन. कागदाखाली तिने लिहिलं होतं: 'स्थिर कप्पी फक्त बलाची दिशा बदलते. बल तेवढेच राहते.'

गावातल्या कुशाबांनी आपल्या विहिरीवरचा जुना रहाट आणून कप्पी म्हणून बसवला. नळ आल्यापासून तो गोठ्यात पडून होता.

"बाटल्या कुणासाठी आणल्या मॅडम?" वैदेही पाण्याच्या सात बाटल्या घेऊन आत आली तेव्हा प्रयागबाई शेंगदाण्याची टरफलं झाडत होत्या.

"मुलांसाठी. आज बाटल्यांचं वजन करायचंय."

"करा की. तुमचीच कप्पी हाय ती. पण बाटल्यांना खिचडी नाय मिळायची, सांगून ठेवते."

घरच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वैदेहीने एकेक बाटली तोलून आणली होती. सात मिळून सात किलो शंभर ग्रॅम. तिने बाटल्या झोळीत ठेवल्या, काटा खाली ओढून गजात अडकवला, हात काढला आणि वही उघडली. वहीत तिने आधीच लिहून ठेवलं होतं: अपेक्षित वाचन ७.१.

तबकडीवर आठ किलो दोनशे होते.

तिने चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. झोळी हलत नव्हती, भिंतीला टेकत नव्हती. तिने काटा सोडला, झोळी खाली टेकवली, पुन्हा ओढून अडकवला. आठ-दोनशे.

"काटा बिघडलाय," ती म्हणाली.

"काल तर बरा होता."

वैदेही स्टूल घेऊन चढली, काटा दोरातून सोडवून थेट तुळईच्या खिळ्याला टांगला, शून्य जुळवलं, खाली झोळी अडकवली. सात किलो सहाशे. त्यातून झोळीचा अर्धा किलो वजा. सात-एक. काटा चोख होता.

काटा परत दोराला बांधला. या वेळी तिने तो आधी गरजेपेक्षा खाली ओढला आणि मग हळूहळू वर सोडत, झोळी खाली उतरत असतानाच गजात अडकवला. सहा किलो शंभर.

त्याच बाटल्या. तोच दोर. ओढून अडकवलं तर आठ-दोन, सोडत आणून अडकवलं तर सहा-एक.

"किती वेळा करता? बाटली काय वाढणार हाय होय?" प्रयागबाई हसल्या.

वैदेहीला हसू आलं नाही. ती रहाटाकडे बघत होती. लाकडी चाक, मधून गेलेली जाड लोखंडी पिन, पिनेवर दोन पावसाळ्यांचा तांबूस गंज. चाक फिरताना पिनेला घासतं. उचलताना आपण वजनाशी झगडतो आणि त्या घासण्याशीही, म्हणून दोर जास्त ताणावा लागतो. हात थांबला तरी तो जास्तीचा ताण दोरातच राहतो, चाक त्याला मागे जाऊ देत नाही. सोडताना उलट, घासणं आपल्या बाजूने काम करतं आणि काटा कमी दाखवतो. खरं वजन दोन्हींच्या मध्ये कुठेतरी.

हे तिला ठाऊक होतं. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतं. आणि चौदा वर्षं फळ्यावर कप्पीचं गणित सोडवताना ती पहिली ओळ लिहीत आली होती: 'घर्षण नगण्य मानू.'

"प्रयागबाई," ती म्हणाली, "तुम्ही मुलाला तोलताना काय करता? दाखवा बरं मला."

"काय करणार? वढते, अडकवते, बघते, लिवते."

"नेहमी ओढूनच?"

"मग? पोराला आधी वर टांगून मग खाली सोडू? आया मारतील मला."

नेहमी ओढून. म्हणजे चूक कधी इकडे, कधी तिकडे झालेली नव्हती. दर महिन्याला, दर मुलामागे, एकाच बाजूला झाली होती. कागदावर प्रत्येक मूल होतं त्यापेक्षा जड भरलं होतं.

वैदेही स्टुलावर बसली. समोरच्या भिंतीवर पोषणाच्या तक्त्याशेजारी तिचाच कागद प्लास्टिकमध्ये घालून लावला होता. चित्र, खालची दोन वाक्यं, आणि त्याखाली प्रयागबाईंनी कुणाकडून तरी लिहून घेतलेलं: 'मार्गदर्शन – वैदेही मॅडम, बी.एस्सी.' अंगणवाड्या तपासणाऱ्या मुख्यसेविका बाईंनी पहिल्यांदा दोराकडे बोट दाखवलं तेव्हा प्रयागबाईंनी तो कागद दाखवला होता. बाईंनी त्याचा फोटो काढला. त्या वर्षी बीटमध्ये, त्यांच्या हाताखालच्या सगळ्या सेविकांसमोर, तो नवोपक्रम म्हणून वाचूनही दाखवला गेला.

"वजनाचं रजिस्टर द्या," वैदेही म्हणाली.

बावीस मुलं. तिने वहीत एक रांग आखली. लिहिलेल्या वजनात काट्याचा अर्धा किलो मिळवायचा, आज निघालेल्या प्रमाणाने भागायचं, झोळीचा अर्धा वजा करायचा. पहिली तीन मुलं तरली. चौथं हिरव्या पट्टीतून पिवळ्यात, कमी वजनाच्या पट्टीत आलं. आठवंही. अकराव्या ओळीवर सेजल होती. वय चौदा महिने. शनिवारचं वजन साडेसात किलो. हिरवी पट्टी, अगदी कडेला, पण हिरवी.

गणित केल्यावर साडेसहा आलं.

वैदेहीने तक्त्यावर बोट फिरवलं. चौदा महिन्यांच्या मुलीसाठी नारिंगी, म्हणजे फारच कमी वजनाची पट्टी सहा-सहाशेच्या खाली सुरू होत होती. तिने गणित पुन्हा केलं. साडेसहाच.

"काय झालं?" प्रयागबाईंनी झाडू ठेवला. "मॅडम, तोंड पांढरं पडलं तुमचं."

"सेजलच्या दंडाला पट्टी लावली होती का? घेर मोजायची?"

"नाय. वजन हिरव्यात असल्यावर पट्टी कशाला? तिची आई मागं लागली होती तशी. पण ती सगळ्याचंच टेन्शन घेते, मुंबईची हाय ना."

सेजलची आई प्रियदर्शिनी. कांदिवलीत वाढलेली, लग्न होऊन इथे आलेली, नवरा तिकडेच टेम्पो चालवणारा. दिवाळीनंतर एकदा ती शाळेच्या फाटकाशी वैदेहीची वाट बघत उभी होती. "मॅडम, हिला जुलाब झाले ना, तेव्हापासून ही मला हलकी लागते. सासूबाई म्हणतात वहम आहे. प्रयागबाई म्हणतात काटा बरोबर आहे. तुम्ही सायन्सवाल्या, तुम्ही सांगा." वैदेही घाईत होती, स्कूटी चालू होती. ती म्हणाली होती, "हाताच्या अंदाजावर जाऊ नकोस गं. अंदाज चुकतो, काटा नाही चुकत."

प्रियदर्शिनीला धीर आला होता. तिने हसून मान हलवली होती.

"चला," वैदेही उठली. "काटा घ्या, झोळी घ्या, पट्टी घ्या. दोर नको."

"आता? मॅडम, सांगा तरी काय झालंय."

चढणीवरून जाताना वैदेहीने सांगितलं. दोनच वाक्यांत, कारण तिसरं सुचलं नाही. प्रयागबाई मध्येच थांबल्या, दगडावर हात टेकून. त्यांच्या निवृत्तीला सात महिने उरले होते.

"म्हंजे मी लिवलं ते सगळं खोटं?"

"तुम्ही दिसलं तेच लिहिलंत. मी सांगितलं ते चुकलं."

"पन तुम्ही तर शिकलेल्या हाव," प्रयागबाई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं होतं.

अंगणात बयाबाई, प्रियदर्शिनीची सासू, वाल निवडत बसली होती. काटा बघून तिने सूप बाजूला सारलं. "शनवारी तर तोलली गो. आज काय पुन्यांदा?"

"काटा तपासायचा हाय," प्रयागबाई म्हणाल्या.

"मग काटा तपासा. पोरीला कशाला लटकवता? सारखं तोलून नजर लागते. आमच्या घरातली सगळी अशीच बारीक. माझा पोरगा तर काटकी होता, आता टेम्पो चालवतो."

प्रियदर्शिनी सेजलला कडेवर घेऊन दारात आली. मुलगी रडत नव्हती. आईच्या खांद्यावर डोकं टाकून ती डोळ्यांनी फक्त बघत होती. चौदा महिन्यांच्या मुलाने परकं माणूस दिसल्यावर काहीतरी करायला हवं, रडायला हवं, तोंड लपवायला हवं. हे आपल्याला आज का दिसतंय, वैदेहीच्या मनात आलं. ही मुलगी रोज याच वाटेवर दिसत होती.

पडवीच्या वाशाला काटा थेट टांगला. झोळी लावून शून्य जुळवलं. सेजलला आत बसवलं. काटा दोनदा हलून थांबला.

सहा किलो पाचशे.

प्रयागबाईंनी सेजलच्या दंडाभोवती पट्टी गुंडाळली. पट्टीच्या खिडकीत लाल रंग आला. अकरा पूर्णांक तीन दशांश सेंटिमीटर. साडेअकराच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण.

"शनवारी साडेसात होतं ना?" प्रियदर्शिनीने विचारलं. "पाच दिवसांत किलोभर कमी झालं?"

"नाही," वैदेही म्हणाली. "शनिवारीही हेच होतं. दिवाळीनंतरही तू सांगत होतीस तसंच असणार. आपल्याला आत्ता महाडला जायचंय, मुलांच्या डॉक्टरकडे. बाकीचं वाटेत सांगते."

बयाबाई उठली. "महाडला? उद्या जाऊ. आज आमाशा हाय."

"आजच, आजी."

"मॅडम, तुमच्या काट्याचं तुम्ही बघा. कधी म्हनता बरी, कधी म्हनता वाईट. आमी कुनाचं ऐकायचं?"

उत्तर प्रियदर्शिनीने दिलं. तिने आत जाऊन पिशवी भरली, दोन दुपटी, आधारकार्ड, चार्जर, आणि बाहेर येऊन चपला घातल्या. "माझं ऐका आई," ती म्हणाली. "मी तीन महिने सांगते आहे."

बयाबाई आत गेली आणि स्वतःची शाल आणून सेजलभोवती लपेटली. "घाटात वारं असतंय," एवढंच म्हणाली.

कुशाबांच्या नातवाची जीप पोलादपूरला निघालीच होती, तो पुढे महाडपर्यंत आला. हायवेवर कशेडीकडून उतरलेले ट्रक रांगेने चालले होते. प्रियदर्शिनी काहीच विचारत नव्हती, आणि 'वाटेत सांगते' म्हटलेली वैदेही खिडकीबाहेर बघत राहिली. सावित्रीचा पूल गेला तरी तिला सुरुवात सापडली नाही.

डॉक्टरांनी सेजलला तपासलं. पायावर अंगठा दाबून सूज नाही ना ते पाहिलं, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, रक्त घ्यायला सांगितलं. इथल्या काट्यावर सहा किलो चारशे ऐंशी. "दाखल करावं लागेल," ते म्हणाले. "छातीत संसर्गही सुरू झालाय. अशा मुलांना ताप येत नाही कधीकधी, म्हणून घरी कळत नाही. अजून दहा-पंधरा दिवस गेले असते तर मी काही सांगू शकलो नसतो." मग पोषणाचं कार्ड बघून त्यांनी भुवया वर केल्या. "इथे तर सगळं हिरवं आहे. अंगणवाडीत काय वजनं अंदाजे भरतात का?"

"नाही," वैदेही म्हणाली. "मोजून भरलीत. मोजायची पद्धत मी दिली होती."

डॉक्टरांना घाई होती, त्यांनी फक्त मान हलवली. पण प्रियदर्शिनीने ऐकलं होतं.

वॉर्डातल्या खाटेवर सेजलच्या हाताला सुई लागल्यावर तिने विचारलं, "पद्धत तुम्ही दिली म्हणजे?"

वैदेहीने सांगितलं. कप्पी, गंजलेली पिन, ओढणं, जास्तीचा ताण. आपण दोन वर्षांपूर्वी कागदावर काय लिहिलं, आणि एकदाही बाटल्या टांगून पाहिलं नाही. काही लपवलं नाही, आणि ऐकताना बरं वाटावं म्हणून काही मिसळलंही नाही. प्रियदर्शिनी सेजलच्या पायावरून हात फिरवत होती. वैदेही थांबली तरी तो हात फिरतच राहिला.

"त्या दिवशी फाटकाशी," ती शेवटी म्हणाली, "मी घरी जाऊन नवऱ्याला फोन केला. म्हटलं, मॅडम बोलल्या, टेन्शन नाही. त्याने तिकीट काढलं होतं यायचं. कॅन्सल केलं."

वैदेहीने सेजलची सरकलेली शाल सावरायला हात पुढे केला.

"तुम्ही बाहेर बसा मॅडम. आता मला तुमच्याशी नाही बोलायचं."

बाहेरच्या बाकावर बसून वैदेहीने आधी मुख्यसेविकेला फोन लावला आणि सगळं सांगितलं. मग बाई म्हणाल्या, "तुमच्या कागदाचा फोटो मी सेविकांच्या ग्रुपवर टाकला होता हो. अजून तिघींनी आपापल्या अंगणवाडीत तसं केलंय. एकीने तर मला व्हिडिओ पाठवला होता, बघा आमची कप्पी."

वैदेहीला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "तिघींनी?"

"तीन. मला माहीत असलेल्या तीन."

चार वाड्या. आपला एक कागद, दोन वाक्यं. तिने ती वाक्यं पुन्हा मनात म्हणून पाहिली. त्यातलं एकही चुकीचं नव्हतं. पुस्तकात तसंच होतं. चूक एवढीच, की पुस्तकातली कप्पी कुणी कधी तुळईला टांगत नाही.

"बाई, लिहून घ्या," ती म्हणाली. "उद्या सकाळी चारही ठिकाणी काटा थेट टांगायचा. आधी एक लिटर पाण्याच्या पाच बाटल्या तोलायच्या, पाचाच्या थोडं वर आलं तरच मुलं तोलायची. दंडाची पट्टी सगळ्यांना. आणि वर कळवताना माझं नाव घालून कळवा. सेविकांचं नको."

शुक्रवारी दुपारपर्यंत आकडे आले. प्रयागबाईंनी स्वतः फोन करून एकेक नाव वाचलं, वैदेहीने वहीत लिहिलं. चार वाड्यांत मिळून नऊ मुलं पिवळ्यात, दोन नारिंगीत. दुसरं नारिंगी मूल पलीकडच्या वाडीतलं, त्याला त्याच संध्याकाळी आणलं आणि सेजलच्या समोरची खाट मिळाली. त्या मुलाच्या आईने वैदेहीला वही घेऊन बसलेलं पाहून विचारलं, "तुम्ही सरकारी हाव काय?" वैदेही म्हणाली, "शाळेत शिकवते." बाईने आदराने पदर सावरला. वैदेहीला तिथून पळून जावंसं वाटलं.

रात्री बाळ सरांचा फोन आला. "ऐकलं मी सगळं. वाईट झालं. पण उद्याचं काय? असं करा, कप्पी काढून टाका, तरफेवर पाठ घ्या. तरफ बरोबर येते ना?"

"येते."

"मग झालं तर. उगाच पाहुण्यांसमोर कशाला."

"सर, तरफ काढते. कप्पी ठेवते."

सरांनी फोनवर उसासा सोडला. "उपमा तरी खाऊन जाऊ देणार ना लोकांना?"

शनिवारी वैदेहीने फळ्यावर काहीच लिहिलं नाही. तोच रहाट वर्गातल्या तुळईला टांगला, झोळीत सात बाटल्या ठेवल्या आणि चार-पाच मुलांना आळीपाळीने पुढे बोलावलं. कुणी ओढून अडकवलं, कुणी सोडत. तक्त्यांवर आठ-दोन आणि सहा-एक असे आकडे पडायला लागले तसा मुलांचा कलकलाट वाढला. एक मुलगी म्हणाली, "बाई, बाटली खोटं बोलते." मग कुणीतरी पिनेवर तेल सोडून पाहायचं सुचवलं. तेलानंतर सात-सहा आणि सहा-सहा आले. फरक कमी झाला, गेला नाही. मुलांनी तेही लिहिलं.

मागच्या बाकावरून एका शिक्षकाने हात वर केला. "मॅडम, यात मुलांचा गोंधळ होतो. परीक्षेत उत्तर येणार बल समान. तुम्ही घर्षण नगण्य मानायला सांगितलं नाहीत."

"किती चूक चालेल आणि किती नाही, ते ठरवल्याशिवाय नगण्य म्हणता येत नाही," वैदेही म्हणाली. मग तिने चार वाड्यांची नावं सांगितली, अकरा मुलं सांगितली, आणि तो कागद कुणाचा होता तेही. पहिल्या बाकावरची मुलं तिच्याकडे बघत होती. बाई चुकल्या, हे त्यांनी आजवर कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यांवर भीती होती, आणि तिला ती पुसता आली नाही.

उपमा तसाच राहिला. बाळ सर टोपावर झाकण ठेवून उभे होते.

चार वाजता ती महाडला वॉर्डात पोचली आणि दाराशीच थांबली. सिस्टर सायंकाळचं वजन घ्यायला काटा घेऊन आली होती. प्रियदर्शिनी सेजलला उचलून उभी होती, पण ठेवत नव्हती.

"सिस्टर, आधी रिकामा दाखवा."

"रिकामाच आहे की."

"दाखवा तरी."

सिस्टरने काटा तिच्याकडे वळवला. वर दुपटं पसरलेलं होतं, पडद्यावर एकशे वीस ग्रॅम. प्रियदर्शिनीने बोट दाखवलं. सिस्टरने काही न बोलता बटण दाबलं, आकडा शून्यावर आला. मग तिने सेजलला ठेवलं. मुलीने हात झटकले आणि तोंड वेडंवाकडं करून रडायला सुरुवात केली, मोठ्याने, हक्काने. आकडा हलत राहिला. प्रियदर्शिनी तो थांबेपर्यंत वाकून बघत राहिली. सहा किलो पाचशे साठ. तिने उशाखालून छोटी वही काढली आणि स्वतःच लिहिलं.

सरळ होताना तिला दारातली वैदेही दिसली. या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

"सकाळचं वजन आठला असतं," ती सेजलला कुशीत घेत म्हणाली. "त्या समोरच्या पोराच्या आईला आकडे वाचता येत नाहीत. तिला शिकवायचं असेल तर आठच्या आधी या."